तिला तुम्ही कुठल्या वर्गात शिकवलंत?

त्या जूनमध्ये भावाची मुलगी चकलांब्याहून माझ्याकडे गेवराईला राहायला आली होती. रोज सकाळी माझ्याआधी उठायची, दारातला पेपर उचलायची आणि टेबलावर उलटा ठेवायची. मी तो सुलटा केला की उठून स्वयंपाकघरात जायची. निकालाचे दिवस होते. पहिल्या पानावर बातम्या नव्हत्याच. मुलामुलींचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात हार, खाली मोठे आकडे आणि वर क्लासचं नाव, असं पानच्या पान. त्यातली निम्मी पानं बीडच्या एकाच क्लासची होती. त्याच क्लासात तिनं दोन वर्षं काढली होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमचं कॉलेज अनुदानित. मुलं खेड्यांतून एसटीनं येतात, प्रयोगवहीत आकृत्या काढतात, बारावी होतात. मेडिकलच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेची तयारी करायची म्हटलं की हुशार मुलं आमच्याकडे फक्त नाव ठेवून बीडला किंवा लातूरला जातात. हजेरीपटावर नाव आमचं, पोरगं त्यांचं. मला याचं वाईट वाटायचं, पण राग नव्हता. राग आला तो पालकसभेत.

भावाची सोंगणी चालली होती, वहिनीला ताप होता, म्हणून त्या सभेला आत्या म्हणून मी गेले होते. भाचीचं अकरावीचं वर्ष संपत आलं होतं. संचालकांनी चाचणीच्या गुणांप्रमाणे मुलांना उभं केलं होतं आणि पालकांना ज्याच्या त्याच्या मुलामागे. माझी भाची शेवटच्या रांगेत होती. दर महिन्याला चाचणी व्हायची आणि गुण पडले की मूल खालच्या बॅचमध्ये जायचं. ती 'ए'मधून 'बी'मध्ये आणि तिथून 'सी'मध्ये गेली होती. 'सी'ला शिकवायला कोण यायचं, तर आदल्या वर्षी नीटमध्ये न लागलेली मुलं.

संचालक रांगेपाशी आले, तिचा पेपर हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचे वडील काय करतात? शेती? मग हिला खुरपायला न्या. इथं एक जागा अडली आहे."

चार-दोन पालक हसले. आपलं मूल पुढच्या रांगेत आहे याच्या समाधानात हसले.

मी म्हणाले, "सर, दहावीला ही तालुक्यात पुढं होती. इथं आल्यावरच मागं पडली. मग तुमच्याकडं काय झालं, ते सांगा ना."

त्यांनी मला नीट पाहिलं. मी कुठं शिकवते हे त्यांना माहीत होतं. "मॅडम, तुम्ही अनुदानित कॉलेजात आहात. निकाल लागो न लागो, एक तारखेला पगार जमा होतो. आम्हाला निकाल दाखवावा लागतो."

पुन्हा हसू. माझ्या भाचीनं त्या दिवसापासून पुस्तक उघडलं नाही असं मी म्हणणार नाही. उघडायची, समोर ठेवायची, पान उलटायची नाही. परीक्षेला बसली. निकाल आल्यावर मोबाईल उशीखाली सरकवून भावाला म्हणाली, "आप्पा, खुरपायलाच येते मी." भाऊ रडला. माझा भाऊ रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

म्हणून त्या जूनमध्ये मी ते पान उलटं ठेवलं नाही. तिची नजर चुकवून घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन टेबलावर पसरलं. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं नाक कापायचं होतं. शोधून काढायचं की यातलं काय खोटं आहे, आणि तेही असं की त्याला उत्तर देता येऊ नये.

आठ चेहरे होते. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या गोलात एक मुलगी होती. 'बीड जिल्ह्यात मुलींमध्ये प्रथम' आणि खाली 'आमची विद्यार्थिनी'.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ती तलवाड्याची होती. दोन वर्षं रोज माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसलेली. तासिका संपल्यावर ती विचारायची ते प्रश्न अजून मला आठवत होते. लंबक एका टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्यावर बल शून्य असतं का, हे तिनं तीन वेळा विचारलं होतं. ती बीडच्या क्लासला कधी गेली?

आधी मला खात्री वाटेना. एखादी मुलगी आपल्याला न सांगता क्लास लावू शकते. पण ती रोज शेवटच्या एसटीनं तलवाड्याला जायची आणि रविवारी घरी मोसंबीच्या बागेत असायची. ती बीडला जाणार कधी?

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई ब्लाउज द्यायला आली. तिची मुलगी नुकतीच दहावी झाली होती, चांगल्या गुणांनी. बाईच्या हातात तीच जाहिरात होती, अगदी तीच घडी.

"मॅडम, ह्यो क्लास कसा हाय? गल्लीत सगळे म्हणत्यात लई भारी हाय. पोरगी मागं लागलीय. नवरा म्हणतो प्लॉट मोडू."

"प्लॉट मोडायच्या आधी हे पान मोडून पाहू," मी म्हणाले.

तिला खाली बसवून मी एकेक फोटो दाखवू लागले. पहिली गोष्ट, नीटमध्ये जिल्ह्यात पहिला वगैरे क्रमांक कुणी देतच नाही. गुणपत्रिकेवर अखिल भारतीय क्रमांक असतो आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक असतो. जिल्ह्याचा क्रमांक हे क्लासवाल्यांनी आपापसात फोन करून बनवलेलं असतं. दुसऱ्या फोटोत 'ऑल इंडिया रँक' लिहून शेजारी बारीक चांदणी होती. मोबाईलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा पानाच्या तळाशी त्याच चांदणीपुढं 'प्रवर्गातील' असा शब्द दिसला. तिसऱ्याच्या खाली '१०० पर्सेंटाइल'. बाजूच्या बारीक अक्षरांप्रमाणे तो नीटचा नव्हताच, इंजिनिअरिंगच्या सीईटीचा होता, आणि तोही एकट्या भौतिकशास्त्राचा. गणित आणि रसायन मिळून त्याचं काय झालं, ते कुठं लिहिलं नव्हतं.

"म्हंजे खोटं हाय?"

"खोटं नाही. अर्धं आहे. अर्धं खोट्यापेक्षा वाईट, कारण पकडता येत नाही."

"मंग पकडायचं कसं?"

"विचारायचं. या मुलीनं तुमच्याकडं कोणता कोर्स केला, किती महिने केला, फी भरून केला की फुकट. आणि तिच्यासोबत त्या वर्षी किती मुलं बसली होती. आठ फोटो आहेत, पण वर्गात किती होते ते लिहिलेलंच नाही."

बाई दुसऱ्याच दिवशी बीडला जायला निघाली आणि मीही निघाले. तोंडाला स्कार्फ बांधला, जसा उन्हात सगळ्याच बांधतात, वर गॉगल. संचालकांनी ओळखू नये एवढीच काळजी होती. क्लासची नवी इमारत काचेची. प्रवेशाच्या खोलीत एसी होता आणि टेबलामागं एक तरुण मुलगी, टाय लावलेली. बाईनं मी सांगितलेले प्रश्न विचारले, आपल्या पद्धतीनं.

"ही तलवाड्याची पोरगी तुमच्यातच शिकली का?"

"हो, सगळे आपलेच विद्यार्थी."

"रोज यायची का?"

मुलीनं संगणकाकडं पाहिलं. "टॉपर्सची स्पेशल बॅच असते."

"कवापसून व्हती?"

"ते संचालक सरांना माहीत."

"तिचं मार्कांचं कागद दावता का?"

"ते गोपनीय असतं, मावशी. तुम्ही आज सीट बुक केली तर सवलत आहे. सोमवारपासून नाही."

बाईनं पदर सावरला आणि माझ्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "सोमवारीच येतो मंग," आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ही पोरगी घाबरलेली व्हती." माझं लक्ष तिच्या घाबरण्याकडं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच आनंद होता, की त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.

बाकीचे चेहरे मी फोनवर शोधले. आम्हा शिक्षकांचं जाळं मोठं असतं. परीक्षेच्या पेपर तपासणीला भेटलेली माणसं तालुक्या-तालुक्यात असतात. एका मुलाचा तोच फोटो, तोच निळा शर्ट, लातूरच्या एका क्लासच्या जाहिरातीत सापडला. तिथंही तो 'आमचा' होता. दोघांपैकी एकजण तरी खोटं बोलत होता, किंवा दोघंही. मी ती दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली आणि मला बरं वाटलं. कुणाचं घर जळताना बरं वाटावं तसं.

काहींनी तिथं नेमका कोणता कोर्स केला, ते कुणालाच सांगता येईना. मग घाटनांदूरचा मुलगा. त्याच्या वडिलांचं तिथं भुसार दुकान आहे. तिथल्या एका सहकाऱ्यानं फोन लावून दिला. मी विचारलं तेव्हा ते सरळ म्हणाले, "व्हय, दोन वरीस तिथंच व्हता माझा. पावत्या हायत माझ्याकडं. सरांनी लई मेहनत घेतली पोरावर. रातच्याला फोन केला तरी उचलायचे." त्यांनी स्वतःहून गुणपत्रिकेचा फोटोही पाठवला. नाव जुळलं, क्रमांक जुळला.

मला तो खोटा निघायला हवा होता. एक क्षणभर मी विचार केला, याला गाळून टाकावं. आठांतले सात धरावेत. पण मी शिक्षिका आहे. प्रयोगात एक वाचन नको तसं आलं म्हणून खोडून टाकायचं नाही, हे मीच मुलांना शिकवते. त्याच्या नावापुढं मी 'खरा' लिहिलं. लिहिताना पेन कागदात रुतला. आणि त्यातूनच मला दुसरी गोष्ट कळली. त्याचे वडील म्हणाले होते, तो पहिल्यापासून 'ए' बॅचला होता. संचालक स्वतः त्याच बॅचला शिकवायचे. म्हणजे 'सी'च्या मुलांच्या फीवर 'ए'ला शिक्षक मिळायचे. माझ्या भावाच्या कापसाच्या पैशांवर.

आता तलवाड्याला जाणं भाग होतं.

त्या मुलीचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. घराच्या भिंतीवर जाहिरातीचं तेच पान फ्रेम करून लावलं होतं. शाल, नारळ, पुढाऱ्यासोबतचा फोटो. मला बघून ते उठले. "मॅडम! या, बसा की. आमच्या पोरीचं सोनं केलं तुमी."

"मी केलं, तर मग भिंतीवर नाव दुसऱ्याचं का?" मी हसून विचारलं, पण हसू माझ्या डोळ्यांपर्यंत गेलं नसावं.

ते खाली बघू लागले. मुलगी आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"तू बीडला क्लासला होतीस का?" मी तिलाच विचारलं.

"न्हाई, मॅडम. एक रविवार गेलते. त्यांची मोफत परीक्षा व्हती, बक्षीस व्हतं. बाराशे पोरं व्हती. तिथं एक फॉर्म भरून घेतला, त्यात लिहिलं व्हतं की फोटो वापरला तर चालंल. मी घाईत सही केली. परत गेलेच न्हाई."

"निकाल आल्यावर?"

"निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला. मंग सर स्वतः घरी आले. हार घातला, फोटो काढला."

"त्यांनी विचारलं का, जाहिरातीत टाकू का म्हणून?"

तिच्याऐवजी तिचे वडील बोलले. "मॅडम, कावून वाकड्यात शिरायचं? त्यांनी आमच्या धाकट्या पोराला दोन वरीस फुकट शिकवायचं कबूल केलंय. गावात नाव झालं. कुणाचं काय नुकसान झालं?"

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मुलीचं यश त्यांनी विकलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं की कुणी भलं करतंय.

मग मी भाचीची गोष्ट सांगितली. नाव न घेता. पालकसभा, रांग, खुरपायला न्या हे वाक्य. तिनं पेपर उलटा ठेवणं. "ती तिथं का गेली होती माहीत आहे?" मी मुलीला म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी असाच एक मोठा फोटो पाहून. तीही मुलगी होती, खेड्यातली. भावानं म्हटलं, तिचं झालं तर माझ्या पोरीचं का होणार नाही. ती फोटोतली मुलगी खरंच कुठं शिकली होती, कुणी विचारलं नाही. यंदा कुणीतरी तुझा फोटो बघेल."

मुलीनं हातातला तांब्या खाली ठेवला. ती म्हणाली, "बाबा, धाकट्याला आपण फी भरून शिकवू."

"तू गप बस."

"न्हाई बसणार."

वडील उठून बागेकडं गेले. मला वाटलं, संपलं. पण मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, रविवारी गेवराईच्या मंगल कार्यालयात त्यांचं शिबिर हाय. मोफत मार्गदर्शन. मला पावणी म्हणून बोलावलंय. दोन शब्द बोलायला सांगितलंय. त्यांनी लिहूनसुद्धा दिलंय काय बोलायचं ते."

मी तिला काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझ्या मनाला येईल ते बोल." पण घरी परतताना एसटीत खिडकीपाशी बसून मी ते दृश्य वारंवार मनात पाहत होते, आणि दर वेळी त्या माणसाचा चेहरा अजून पडलेला असायचा.

रविवारी मंगल कार्यालय भरलं होतं. खेड्यांतून आलेले बाप, बाया, नवीन कपड्यांतली दहावी झालेली पोरं. पंखे फिरत होते पण हवा नव्हती. शिवणकाम करणारी बाई माझ्या शेजारी बसली होती. मी भाचीलाही म्हटलं होतं, चल. ती म्हणाली होती, "मला ते तोंड बघायचं न्हाई, आत्या." मी आग्रह केला नाही.

पडद्यावर आठ चेहरे आले. टाळ्या झाल्या. संचालक पांढऱ्या शर्टात होते, हसत होते. त्यांनी जाहीर केलं, "आपल्या संस्थेची शान, बीड जिल्ह्यात मुलींमध्ये प्रथम!" आणि तलवाड्याची मुलगी मंचावर गेली. तिचे वडील दारापाशी उभे होते. आले होते, पण बसले नव्हते.

तिच्या हातात माईक दिला. तिनं हातातला कागद घडी करून मुठीत धरला.

"मी गेवराईच्या कॉलेजात शिकले," ती म्हणाली. "रोज एसटीनं. घरी मोबाईलवर बघून सराव केला. आमच्या मॅडमना प्रश्न विचारले. या क्लासमध्ये मी एक रविवार आले, परीक्षेला. एकच. इथं मी शिकले न्हाई. माझा फोटो बघून कुणी इथं येऊ नका. तुमी काय बघायचं ते तुमी बघा, पण माझा फोटो बघून येऊ नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागून एकजण म्हणाला, "काय म्हनली बे ती?" आणि कुजबुज उठली.

संचालकांनी माईक घेतला. ते सराईत होते. "आपली विद्यार्थिनी फार नम्र आहे. तिनं आमची टेस्ट सिरीज केली, हेच ती सांगते आहे. अभिमान वाटतो."

मी उभी राहिले. स्कार्फ नव्हता. "सर, तिला तुम्ही कुठल्या वर्गात शिकवलंत?"

त्यांनी मला ओळखलं. मला त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं आणि माझ्या पोटात काहीतरी गोड फुटलं.

"मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतर नको. तुम्हीच म्हणालात निकाल दाखवावा लागतो. दाखवा ना. त्या पडद्यावरचा तिसरा मुलगा. त्याचे शंभर पर्सेंटाइल कोणत्या परीक्षेचे? पाचव्याचा हाच फोटो लातूरच्या क्लासनंही छापलाय, हे कात्रण माझ्याकडं आहे. तो तुमचा की त्यांचा? घाटनांदूरचा मुलगा खरा तुमचा आहे, मी त्याच्या वडिलांशी बोलले. तो एक खरा. बाकी सातांनी तुमच्याकडं कोणता कोर्स केला, किती महिने, ते फोटोखाली लिहा. ग्राहक संरक्षणाच्या नियमात तसं लिहायचं असतं, आणि संमती निकाल लागल्यावर घ्यायची असते. मोफत परीक्षेच्या फॉर्मवर आधीच सही करून घेतलेली चालत नाही."

"तुम्ही कुठल्या क्लासकडून आलात?" ते ओरडले.

"मी अनुदानित कॉलेजकडून आले."

मागं कुणीतरी हसलं. आता हसू त्यांच्या बाजूला नव्हतं. शिवणकाम करणारी बाई उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "त्या वर्सी किती पोरं बसलती, ते सांगा की सायेब. आठ दिसत्यात, बाकीच्यांचं काय झालं?" एक बाप उभा राहिला. मग दुसरा. 'सी बॅचला कोण शिकवतं' असं कुणीतरी विचारलं. तो प्रश्न माझा नव्हता. म्हणजे माझ्यासारखे आणखी होते.

संचालक माईक बंद करून मागच्या दारानं गेले. पडद्यावर आठ चेहरे तसेच उरले होते, हसणारे. कुणीतरी प्रोजेक्टरची वायर काढली.

तिच्या वडिलांना मी दाराशी गाठलं. ते माझ्याकडं बघायला तयार नव्हते. "धाकट्याची सीट गेली," एवढंच म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. थोड्या वेळानं ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला घेऊन गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी आणि शिवणकाम करणाऱ्या बाईनं बीडला जाऊन जिल्हाधिकारी कार्यालयात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार दिली. सोबत पेपरचं पान, लातूरचं कात्रण आणि तलवाड्याच्या मुलीचं सही केलेलं निवेदन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडंही पाठवली. पोचपावती मिळाली. पुढं काही महिन्यांनी क्लासकडून खुलासा मागवल्याचं पत्र आलं. दंड झाला की नाही, मला आजही नक्की माहीत नाही. पण हमरस्त्यावरचं त्यांचं होर्डिंग उतरलं, आणि पुढच्या जाहिरातीत फोटोंखाली बारीक का होईना, 'टेस्ट सिरीज' असं आलं. ते वाचलं की मी चहा सावकाश पिते.

तक्रार दिली त्या दिवसांत संचालकांचा एकदा फोन आला. आवाज खूप मऊ होता. "मॅडम, भाचीचं ऐकलं. वाईट वाटलं. पुन्हा बसू दे तिला, रिपीटर बॅचला, एक रुपयाही नको. 'ए'मध्ये बसवू."

"तिला विचारून सांगते," मी म्हणाले. विचारलं नाही. दोन दिवस त्यांना वाट बघायला लावली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाले, "सर, आमच्याकडं खुरपणी चालू आहे." आणि ठेवून दिला. माझ्या आयुष्यात इतकं छान वाक्य मी कधी बोलले नाही.

भाचीला हे नंतर कळलं. तिनं मला रागानं विचारलं, "आत्या, हे तू माझ्यासाठी केलंस का सोतासाठी?"

"दोघींसाठी," मी म्हणाले. "आणि तुझ्यासाठी कमी, हे खरं आहे."

पुढं तिनं अंबाजोगाईला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी माझ्या कॉलेजला आली आणि जवळच्या एका छोट्या क्लासला जाते. तिथल्या सरांना बाईनं विचारलं होतं, गेल्या वर्षी किती बसले, किती लागले. सर म्हणाले होते, बरेच बसले, थोडे लागले, आणि मग न लागलेल्यांची कारणंही सांगितली. प्लॉट मोडला नाही.

दिवाळीत भाची गेवराईला आली. सकाळी मी चकल्या तळत होते. ती ओट्यापाशी पाय हलवत बसली आणि म्हणाली, "त्या दिवशीचं सांग ना. मी नव्हते."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मुलीनं माईक कसा धरला, मागून कोण काय म्हणालं, वायर कुणी काढली.

"आन् तू 'अनुदानित कॉलेज' म्हणालीस तवा?"

"तेव्हा काय?"

"त्याचं तोंड कसं झालतं, ते सांग," ती म्हणाली आणि गरम चकली हातावर घेऊन फुंकर घालत ऐकू लागली.